शिक्षकांच्या ताणावरील लेखाचा गोषवारा 150 शब्दांत कसा बसवावा?

डोंगरवाट

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते आणि नोकरी सांभाळून पीएच.डी. करत आहे. शिक्षकांच्या ताणावरील माझा लेख एका शिक्षणविषयक नियतकालिकाने गोषवाऱ्याच्या कारणावरून परत पाठवला आहे. त्यांची मर्यादा 150 शब्दांची आहे आणि उद्देश, पद्धती, निष्कर्ष व उपयोजन या चारही गोष्टी त्यात स्पष्ट असाव्यात अशी त्यांची अट आहे. माझा गोषवारा 268 शब्दांचा झाला होता. शंभराहून अधिक शब्द काढायचे म्हटले की प्रत्येक वाक्य आवश्यकच वाटते, आणि म्हणून येथे विचारत आहे. त्यातील महत्त्वाचा भाग असा आहे:

"शिक्षक हा समाजाचा शिल्पकार असून राष्ट्राच्या जडणघडणीत त्याचे स्थान अनन्यसाधारण आहे. बदलत्या काळात शिक्षकावर अनेक अशैक्षणिक जबाबदाऱ्या येऊन पडल्या असून त्यामुळे त्याच्या मानसिक स्वास्थ्यावर विपरीत परिणाम होत आहे. प्रस्तुत संशोधनात प्राथमिक शिक्षकांच्या ताणतणावाचा अभ्यास करण्यात आला आहे. त्यासाठी सर्वेक्षण पद्धतीचा अवलंब करण्यात आला. प्राप्त माहितीचे योग्य त्या सांख्यिकी तंत्रांनी विश्लेषण करण्यात आले. अशैक्षणिक कामे आणि ताण यांत लक्षणीय सहसंबंध आढळून आला. शासनाने याकडे गांभीर्याने लक्ष देणे गरजेचे आहे."

लेख अजून छापला गेलेला नसल्याने पुढील चर्चेत मी जे आकडे देईन ते बदललेले असतील. ते केवळ उदाहरणापुरते समजावेत.

पाटीपेन्सिल

ताई, विषय अगदी जिव्हाळ्याचा निवडलात. माझी स्वतःची बावीस वर्षे सेवा झाली आहे. मतदारयादीचे काम, पोषण आहाराच्या नोंदी, विद्यार्थ्यांची ऑनलाइन माहिती, आणि त्यात दुर्गम भागातील शाळेत नेटवर्क मिळत नाही म्हणून संध्याकाळी टेकडीवर जाऊन केलेली नोंद, हे सर्व मी अनुभवले आहे. ताण कमी करण्यासाठी मला पहाटेच्या चालण्याचा फार उपयोग झाला. आपल्या लेखात उपायांचाही समावेश करावा असे सुचवतो.

डोंगरवाट

पाटीपेन्सिल सर, आपण लिहिलेली टेकडी माझ्याही ओळखीची आहे. परंतु माझा अभ्यास उपायांचा नाही आणि मी येथे केवळ गोषवाऱ्याच्या लेखनाबद्दल विचारत आहे.

नदीकाठ

माझे दोन लेख प्रसिद्ध झालेले आहेत, त्या अनुभवावरून सांगतो. गोषवाऱ्याची सुरुवात विषयाच्या महत्त्वाने झालीच पाहिजे, नाहीतर वाचकाला संदर्भ कळत नाही. पहिली दोन वाक्ये राहू द्यावीत. शब्द कमी करायचे असतील तर पद्धतीचा भाग एका वाक्यात आणावा, कारण पद्धती लेखात सविस्तर असतेच. निष्कर्षात मात्र "लक्षणीय" हा शब्द अवश्य ठेवावा, संपादक तोच पाहतात. उपयोजनात शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 27 चा उल्लेख करावा, कारण त्या कलमाने शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास पूर्ण बंदी आहे; त्यामुळे आपल्या लेखाला वजन येईल.

जुनी शाई

मी शिक्षणशास्त्राच्या अध्यापनातून निवृत्त झालो असून काही वर्षे एका नियतकालिकाच्या संपादक मंडळावर होतो. नदीकाठ यांचे एक म्हणणे बरोबर आहे: वाचकाला संदर्भ लागतो. परंतु तो संदर्भ विषयाच्या गौरवातून मिळत नाही. शिक्षकांच्या ताणावरील लेख उघडणाऱ्या माणसाला शिक्षकाचे समाजातील स्थान ठाऊक असते. आपण नेमका कोणता प्रश्न विचारला, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून पहिले वाक्य पूर्णपणे काढावे.

दुसरे वाक्य तर मी त्याहूनही आधी काढेन, आणि त्याचे कारण शब्दसंख्या नाही. अशैक्षणिक कामांमुळे मानसिक स्वास्थ्यावर परिणाम होत आहे, असे ते वाक्य ठामपणे सांगते. हाच तर आपल्या संशोधनाचा प्रश्न आहे. ज्याचा शोध घ्यायचा तेच आरंभी सत्य म्हणून मांडले, तर पुढे आकडे कशासाठी गोळा केले, असा प्रश्न परीक्षकाच्या मनात येतो.

आता उद्देशाचे वाक्य. "ताणतणावाचा अभ्यास करण्यात आला" यात उद्देश नाही, केवळ विषय आहे. उद्देश असा लिहावा की त्याचे उत्तर एका वाक्यात देता येईल आणि ते उत्तर निष्कर्षाच्या वाक्यात त्याच शब्दांत सापडेल. माझी जुनी सवय अशी होती की लेख हाती आला की गोषवाऱ्यातील उद्देशाचे वाक्य आणि निष्कर्षाचे वाक्य ही दोनच शेजारी ठेवून वाचायची. उद्देशात "अशैक्षणिक कामे", निष्कर्षात "प्रशासकीय भार" आणि उपयोजनात "कार्यबाहुल्य" असे तीन शब्द दिसले, की लेखकाने नेमके काय मोजले हे त्यालाच निश्चित नाही, असे बहुतेक वेळा निघत असे. एरवीच्या लेखनात आपण शब्दाची पुनरुक्ती टाळतो. गोषवाऱ्यात मात्र एका गोष्टीला एकच शब्द अखेरपर्यंत ठेवावा.

तेव्हा आधी एवढे सांगावे: आपण नेमके काय मोजले, कशाने मोजले, कधी मोजले आणि किती जणांनी उत्तरे दिली?

डोंगरवाट

सर, सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. एका जिल्ह्यातील दोन तालुक्यांत 300 शिक्षकांना प्रश्नावली दिली आणि 212 जणांच्या पूर्ण भरलेल्या प्रती परत आल्या. शाळा माझ्या ओळखीच्या व पोहोचता येण्यासारख्या होत्या, म्हणजे निवड सोयीनुसार झाली. ताण मोजण्यासाठी कोहेन यांच्या दहा प्रश्नांच्या मापनीचे मराठी रूप वापरले. कामांबाबत आठवड्याला ऑनलाइन नोंदींमध्ये किती तास जातात, एवढाच प्रश्न होता. माहिती फेब्रुवारीत गोळा केली. तासांचा आणि ताणाचा सहसंबंध 0.42 आला. स्त्री-पुरुषांच्या ताणातील फरकही पाहिला होता, पण तो लक्षणीय न आल्याने गोषवाऱ्यात घेतला नाही.

आकडेमोड

मी संख्याशास्त्र शिकवतो आणि शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांची प्रश्नावली-विश्लेषणे नेहमी पाहतो. डोंगरवाट ताई, आपल्या उत्तरात तीन गोष्टी अशा आहेत की त्या गोषवाऱ्यात आल्या नाहीत तर निष्कर्षाचा अर्थच बदलतो.

पहिली गोष्ट म्हणजे आपण प्रत्यक्षात "अशैक्षणिक कामे" मोजलेलीच नाहीत. आपण ऑनलाइन नोंदींचे तास मोजले आहेत. निवडणूक, जनगणना, सर्वेक्षणे यांबद्दल प्रश्न नव्हता. तेव्हा गोषवाऱ्यात "ऑनलाइन नोंदींचे काम" हेच शब्द हवेत.

दुसरी गोष्ट मापनीची. शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये प्रसिद्ध केलेली ही मापनी मुळात 14 प्रश्नांची होती. दहा प्रश्नांचे रूप 1988 चे आहे. तिच्यातील प्रश्न गेल्या एका महिन्यातील अनुभवाबद्दल असतात आणि त्यांत नोकरीचा उल्लेख नसतो. घरातील आजारपण, कर्ज, मुलाची परीक्षा हे सर्व त्या गुणांत मिसळलेले असते. त्यामुळे "शिक्षकांचा व्यावसायिक ताण" असे आपण लिहू शकत नाही. "शिक्षकांना जाणवणारा एकूण ताण" असे लिहावे लागेल. प्रश्न गेल्या महिन्याबद्दल असल्यामुळे माहिती कोणत्या महिन्यात घेतली हेही महत्त्वाचे ठरते. जूनमध्ये शाळा सुरू होतानाचा महिना आणि वार्षिक परीक्षेच्या आधीचा महिना यांत शिक्षकाचे दिवस सारखे नसतात. म्हणून "फेब्रुवारी" हा एक शब्द गोषवाऱ्यातील आपली जागा पुरेपूर कमावतो.

तिसरी गोष्ट "लक्षणीय" या शब्दाची. 212 जणांच्या नमुन्यात 0.15 इतका क्षीण सहसंबंधही लक्षणीय ठरतो. संबंध किती आहे हे तो शब्द सांगत नाही, कोणत्या दिशेने आहे हेही सांगत नाही. त्याऐवजी "अधिक वेळ देणाऱ्या शिक्षकांचा ताण अधिक आढळला" असे लिहून पुढे `r=0.42` द्यावे. या संख्येचा वर्ग सुमारे 0.18 येतो, म्हणजे ताणाच्या गुणांतील फरकांपैकी सुमारे 18 टक्के भागच नोंदींच्या तासांशी जुळतो. उरलेला 82 टक्के भाग अन्य गोष्टींचा आहे. हे गोषवाऱ्यात लिहावे असे नाही, पण उपयोजनाचे वाक्य लिहिताना डोळ्यांसमोर ठेवावे.

जाता जाता एक सूचना: सहसंबंधाला "मध्यम" म्हणण्याचे प्रचलित निकष जेकब कोहेन यांचे आहेत, मापनी शेल्डन कोहेन यांची आहे. दोघांची गल्लत झालेले प्रबंध मी पाहिले आहेत.

नदीकाठ

आकडेमोड यांचे मापनीबद्दलचे म्हणणे पटले. तरीही एक शंका राहते. लक्षणीय न आलेला स्त्री-पुरुष फरक गोषवाऱ्यात देऊन मोलाचे दहा-बारा शब्द का खर्च करावेत? जे सापडले नाही ते सांगून वाचकाला काय मिळणार?

जुनी शाई

तो प्रश्न अभ्यासाच्या उद्देशात होता का, यावर ते अवलंबून आहे. आरंभापासून तो विचारलेला असेल, तर त्याचे उत्तर द्यावेच लागेल. ज्या अभ्यासांत फरक सापडला त्यांचेच गोषवारे तो सांगतात आणि ज्यांत सापडला नाही त्यांचे गप्प राहतात, असे होऊ लागले तर केवळ गोषवारे चाळून पूर्वसंशोधनाचा आढावा लिहिणाऱ्याला, आणि तसे लिहिणारे पुष्कळ असतात, स्त्री शिक्षकांना नेहमीच अधिक ताण असतो असे चित्र दिसेल. मात्र वाक्य जपून लिहावे. "फरक नाही" असे न लिहिता "लक्षणीय फरक आढळला नाही" असे लिहावे आणि दोन्ही सरासरी द्याव्यात. "लक्षणीय" हा शब्द येथे मात्र योग्य जागी आहे.

आता कलम 27 बद्दल. नदीकाठ, येथे दुरुस्ती करणे भाग आहे. त्या कलमात पूर्ण बंदी नाही. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि स्थानिक संस्था, विधिमंडळ व संसद यांच्या निवडणुकांची कामे ही तीन त्यातून वगळलेली आहेत. शिवाय शाळेच्याच विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदी म्हणजे त्या कलमाच्या अर्थाने अशैक्षणिक कामासाठी केलेली नेमणूक होय की शाळेचे अंतर्गत काम, हा वेगळा वाद आहे. 150 शब्दांच्या गोषवाऱ्यात तो उघडू नये. ज्या कामांना कायद्याने मुभा आहे ती या अभ्यासाने मोजलेली नाहीत आणि जे मोजले आहे त्यावर कलमाचे म्हणणे स्पष्ट नाही. मग उल्लेख कशासाठी?

पाटीपेन्सिल

मी मघाशी प्रश्न चुकीचा समजलो होतो, क्षमस्व. परंतु आता एक शिक्षक म्हणून विचारतो. नोंदींचे काम काढले तर आमचा ताण कमी होईल हे आम्हाला अनुभवाने माहीत आहे. मग "नोंदींचे काम कमी केल्यास ताण कमी होईल" असे ताईंनी का लिहू नये? एवढे आकडे जमवून शेवटी तेच म्हणता येत नसेल तर आमच्या प्रश्नावल्या भरण्याचा उपयोग काय?

आकडेमोड

सर, आपला अनुभव खोटा आहे असे कोणी म्हणत नाही. परंतु ही माहिती एकाच वेळी घेतलेली आहे आणि तास व ताण दोन्ही एकाच शिक्षकाने एकाच कागदावर सांगितलेले आहेत. ज्याला आधीच ताण आहे त्याला तेच काम अधिक वेळ खाणारे वाटू शकते. लहान शाळेत एकाच शिक्षकाकडे सर्व वर्ग असतात आणि सर्व नोंदीही त्याच्याकडेच असतात. तेथे ताण नोंदींचा की अनेक वर्ग एकत्र शिकवण्याचा, हे या आकड्यांवरून वेगळे करता येत नाही. "कमी केल्यास कमी होईल" हे वाक्य लिहायचे तर काही शाळांत ते काम खरोखर काढून घेऊन पाहावे लागेल.

उपयोग निश्चित आहे. शिक्षकांच्या भाराची चर्चा होते तेव्हा निवडणुकीची कामे मोजली जातात, कारण त्यांचे लेखी आदेश असतात. रोजच्या नोंदींच्या तासांचा हिशेब कोणी ठेवत नाही. ते तास मोजले जावेत, इतके हा अभ्यास भक्कमपणे म्हणू शकतो, आणि "शासनाने गांभीर्याने लक्ष द्यावे" यापेक्षा ते कितीतरी नेमके आहे.

दुभाषी

मी शोधलेखांचे मराठी-इंग्रजी भाषांतर करते. शब्दमोजणीबद्दल थोडे लिहिते, कारण येथे मराठीत लिहिणाऱ्यांची नेहमी फसगत होते. आपल्या भाषेत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात. "शिक्षकांमधील" हा एक शब्द इंग्रजीत दोन किंवा तीन शब्द होतो. बरीच नियतकालिके मराठी व इंग्रजी दोन्ही गोषवारे मागतात आणि दोहोंना एकच मर्यादा लावतात. मराठी गोषवारा काठोकाठ 150 शब्दांचा लिहिला, की इंग्रजी हमखास मर्यादेबाहेर जातो आणि मग घाईने इंग्रजीतून काहीतरी गाळले जाते. बहुधा नमुन्याचा आकार किंवा मर्यादेचे वाक्य. परिणामी दोन भाषांतील गोषवारे दोन वेगळे दावे करतात. म्हणून इंग्रजीचा कच्चा आराखडा आधी मोजून पाहावा.

शब्द वाचवण्यासाठी शब्द चिकटवून लांबलचक समास करणे हा मार्ग मात्र टाळावा. "नोंदकामतासताणसहसंबंध" असे लिहून मोजणीत एक शब्द होतो, पण वाचणारा तेथेच थांबतो. खरी बचत क्रियापदांत आहे. "सर्वेक्षण पद्धतीचा अवलंब करण्यात आला" या पाच शब्दांत माहिती फक्त "सर्वेक्षण" या एका शब्दाची आहे. "300 शिक्षकांना प्रश्नावली दिली" असे लिहिले की सर्वेक्षण केले हे वेगळे सांगावे लागत नाही. "योग्य त्या सांख्यिकी तंत्रांनी विश्लेषण करण्यात आले" हे वाक्य तर सहसंबंधाचा आकडा दिल्यावर आपोआप अनावश्यक होते.

डोंगरवाट

सर्वांच्या सूचनांनुसार रविवारी बसून नव्याने लिहिले. जुन्या मसुद्यातून काटछाट करण्याचा प्रयत्न आधी केला, पण तो 190 शब्दांच्या खाली येईना. मग जुना मसुदा बाजूला ठेवून उद्देश आणि निष्कर्ष ही दोन वाक्ये प्रथम लिहिली आणि बाकीचे त्यांच्याभोवती बसवले. पुढील मजकूर मोजून 144 शब्दांचा आहे.

"जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांचा ऑनलाइन नोंदींच्या कामात जाणारा वेळ आणि त्यांना जाणवणारा एकूण ताण यांचा संबंध तपासणे, तसेच स्त्री व पुरुष शिक्षकांच्या ताणात फरक आहे का हे पाहणे, हा या अभ्यासाचा उद्देश होता. एका जिल्ह्यातील दोन तालुक्यांतील सोयीनुसार निवडलेल्या 300 शिक्षकांना फेब्रुवारी महिन्यात प्रश्नावली दिली. 212 जणांनी ती पूर्ण भरली. जाणवणारा ताण मोजण्यासाठी कोहेन यांच्या दहा प्रश्नांच्या मापनीचे मराठी रूप (0 ते 40 गुण) वापरले. नोंदींच्या कामाचे आठवड्याचे तास शिक्षकांनी स्वतः सांगितले. नोंदींच्या कामात अधिक वेळ देणाऱ्या शिक्षकांचा ताण अधिक आढळला. हा संबंध मध्यम होता (`r=0.42`). स्त्री (सरासरी 21.3) आणि पुरुष (20.6) शिक्षकांच्या ताणात सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय फरक आढळला नाही. माहिती एकाच वेळी गोळा केलेली असल्याने नोंदींच्या कामामुळेच ताण वाढतो असे यावरून म्हणता येत नाही. तरीही, शिक्षकांवरील भाराचा विचार करताना निवडणूक व जनगणनेच्या कामांबरोबरच शाळेच्या दैनंदिन ऑनलाइन नोंदींचे तासही मोजले जावेत, आणि हे काम अन्य कर्मचाऱ्यांकडे दिलेल्या व न दिलेल्या शाळांची तुलना पुढील अभ्यासात व्हावी."

जुनी शाई

हा गोषवारा मी परत पाठवला नसता. उद्देशात दोन प्रश्न आहेत, निष्कर्षात त्याच क्रमाने दोन उत्तरे आहेत, आणि उपयोजनात नवे काही अचानक उगवलेले नाही. "300 ला दिली, 212 जणांनी भरली" यामुळे 88 जण गळले हेही वाचकाला दिसते. ज्यांना नोंदींचे काम सर्वांत अधिक होते त्यांनाच प्रश्नावली भरायला वेळ मिळाला नसेल, अशी शंका मला येते. त्याची चर्चा लेखात करावी.

पाठवण्यापूर्वी एक काम करावे. गोषवाऱ्यातील प्रत्येक आकडा लेखातील तक्त्याशी बोट ठेवून ताडून पाहावा. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात 1999 मध्ये एक तपासणी प्रसिद्ध झाली होती. सहा मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांतील गोषवारे मूळ लेखाशी ताडले, तेव्हा जेथे प्रमाण सर्वांत कमी होते तेथेही 18 टक्के गोषवाऱ्यांत लेखाशी न जुळणारी किंवा लेखात नसलेली माहिती निघाली. सर्वाधिक प्रमाण 68 टक्के होते. लेखात सुधारणा होत जातात आणि गोषवारा जुनाच राहतो, हे त्याचे नेहमीचे कारण असते.

आकडेमोड

सहा शब्द शिल्लक आहेत. माझ्या मते ते सहसंबंधाच्या विश्वासांतरासाठी वापरावेत. 212 च्या नमुन्यात ते सुमारे 0.30 ते 0.53 असे येते. संबंध क्षीणतेच्या सीमेपासून बऱ्यापैकी प्रबळापर्यंत कुठेही असू शकतो, हे केवळ 0.42 वाचून कळत नाही.

दुभाषी

मला ते सहा शब्द "सोयीनुसार निवडलेल्या" नंतर शाळा ग्रामीण होत्या हे सांगण्यासाठी हवेसे वाटतात. राज्याबाहेरच्या वाचकाला जिल्हा परिषद म्हटल्यावर ग्रामीण भाग लगेच डोळ्यांसमोर येत नाही, आणि इंग्रजी गोषवाऱ्यात तर ते सांगावेच लागेल. विश्वासांतर लेखाच्या तक्त्यात असू शकते.

नदीकाठ

मी अजूनही आरंभी संदर्भाचे एक छोटे वाक्य ठेवले असते. पण कलम 27 चा मुद्दा मी मागे घेतो. मूळ मजकूर काढून पाहिला, अपवाद स्पष्ट लिहिलेले आहेत.

डोंगरवाट

आकडेमोड सर आणि दुभाषी ताई, दोघांचे म्हणणे पटते आणि सहा शब्दांत दोन्ही बसत नाही. "ग्रामीण" हा एकच शब्द "300" नंतर घालून पाहिला, तो बसतो. विश्वासांतराला मात्र कंसात किमान चार-पाच शब्द लागतात आणि इंग्रजी मसुदा आधीच 150 च्या पलीकडे गेला आहे. आज रात्री इंग्रजी पुन्हा मोजते. आकडे तक्त्यांशी ताडताना एक चूक सापडलीही: लेखाच्या तिसऱ्या तक्त्यात शिक्षकसंख्या 209 आहे, कारण तिघांनी तासांचा रकाना रिकामा सोडला होता. म्हणजे त्यांना "पूर्ण भरली" म्हणता येणार नाही, आणि सहसंबंधही 209 जणांचाच आहे. ते वाक्य आधी दुरुस्त करते.